रबर बँड इंजिनाला नको, ड्रायव्हरला लावा

प्रश्न: "माझ्या आर्केड रेसिंग गेममध्ये खेळाडूविरुद्ध कॉम्प्युटरच्या सहा गाड्या आहेत, सगळ्या एका स्प्लाइनवरून धावतात. रबर बँडिंग बंद ठेवलं तर दुसऱ्या लॅपलाच शर्यत संपल्यात जमा असते. चालू ठेवलं तर टेस्टर म्हणतात, या गाड्या चीटिंग करतात. खेळाडूपासून किती मीटर दूर आहेत ते बघून मी त्यांचा टॉप स्पीड आणि इंजिन पॉवर कमी-जास्त करतो. आकडे किती ठेवले म्हणजे हे खोटं वाटणार नाही?"

उत्तर:

आकडे बदलून हे सुटणार नाही. पाच टक्क्यांचे तीन टक्के केले तर तक्रारी कमी होतील आणि शर्यतीही पुन्हा विखुरतील. गडबड बँड किती ताणायचा यात नाही, तो कुठे बांधलाय यात आहे.

टेस्टर नेमके कुठे चिडतात ते बघा. बहुतेक वेळा सरळ पट्ट्यावर. खेळाडूने थ्रॉटल पूर्ण दाबलेला असतो, दोघांच्या गाड्या सारख्या असतात, आणि मागची गाडी भुर्रकन पुढे निघून जाते. तिथे त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं आणि तिच्या वेगाला दिसेल असं कारणही नसतं. तीच गाडी वळणावर उशिरा ब्रेक मारून आत घुसली असती तर तोच माणूस "काय चालवली राव!" म्हणाला असता. म्हणजे हरण्याबद्दल फारशी तक्रार नाही. कारण न दिसता हरवलं जातंय याबद्दल आहे. म्हणून माझा नियम असा: गाडीला हात लावायचा नाही, ड्रायव्हरला लावायचा. सगळ्यांचं इंजिन, वजन, टायर खेळाडूच्या गाडीइतकेच. बदलायचं ते एवढंच की ड्रायव्हर त्या टायरची किती ग्रिप वापरतो आणि किती लवकर ब्रेकला घाबरतो.

काही गोष्टी तुमच्या गेमवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. शस्त्रं, बूस्ट, उचलायच्या वस्तू असतील तर जुळवाजुळव त्यांतूनही करता येते आणि खेळाडू ती सहज खपवून घेतो. पुढचं सगळं मी तशा वस्तू नसलेल्या शर्यतीसाठी लिहितोय. शर्यत तीन ते पाच लॅपची आहे असं धरतो. एकाच लॅपच्या शर्यतीत कुठल्याही बँडला काम करायला वेळच मिळत नाही; तिथे सुरुवातीची मांडणीच सगळं ठरवते. आणि गाड्या खऱ्याखुऱ्या फिजिक्सवर चालतात, स्प्लाइनवरून नुसत्या सरकवलेल्या नाहीत, असंही गृहीत धरतो. सरकवलेल्या असतील तर आधी ते बदला.

आता ड्रायव्हरला हात लावल्याने पुरेसा फरक पडतो का, ते एका वळणावर मोजून बघू. रेसिंग लाइनची त्रिज्या ४० मीटर, वळण ९० अंशांचं, टायरचा घर्षणांक १.२. म्हणजे गाडीला आडवा प्रवेग सुमारे ११.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका झेपतो. वळणातला कमाल वेग या सूत्रातून येतो:

```
v = sqrt(mu * g * R * skill)
```

`skill` १ असेल तर वेग २१.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७८ किलोमीटर. `skill` ०.८५ केलं, म्हणजे ड्रायव्हर उपलब्ध ग्रिपपैकी ८५ टक्केच वापरतोय, तर वेग २० मीटर प्रति सेकंद, ताशी ७२. वर्गमुळामुळे पंधरा टक्के ग्रिप सोडूनही वेग आठ टक्केच घटला. वळणाचा कंस ६३ मीटरांचा. तो पार करायला पहिल्याला २.८९ सेकंद लागतात, दुसऱ्याला ३.१४. पाव सेकंद इथे गेला.

ब्रेकिंगमध्ये याहून जास्त जातो. दोघेही ५८ मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे ताशी २०९ ने येतायत. पहिला १० मीटर प्रति सेकंद वर्गाने वेग उतरवतो, त्याला १४५ मीटर लागतात. दुसरा ब्रेकचीही ८५ टक्केच ताकद वापरतो आणि त्याला २० पर्यंत उतरायचंय, म्हणून त्याला १७४ मीटर लागतात. तो सुमारे ३० मीटर आधी ब्रेक लावतो आणि तिथे एक तृतीयांश सेकंद गमावतो. मग वळणाबाहेर पडताना वेग कमी असल्यामुळे पुढच्या ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर (प्रवेग ५ धरून, हवेचा रोध सोडून दिलाय) आणखी ०.२२ सेकंद. बेरीज साधारण ०.८ सेकंद, एका वळणाची.

आता हेच ०.८ सेकंद तुमच्या पद्धतीने, म्हणजे फक्त इंजिनमधून काढायचे म्हटले तर? त्याच ३०० मीटरच्या पट्ट्यावर प्रवेग ५ वरून ३.६ च्या आसपास आणावा लागतो. पॉवरमध्ये २८-२९ टक्के कपात. पट्ट्याच्या शेवटी गाडी ताशी २१२ ऐवजी १८४ ने धावते. २८ किलोमीटरचा फरक आंधळ्यालाही दिसेल. उलट ड्रायव्हरवाल्या पद्धतीत त्याच पट्ट्याच्या शेवटी फरक ताशी दोन किलोमीटरचा असतो. खेळाडूला दिसतं ते असं, की पुढचा जरा लवकर ब्रेक मारतो, वळणात जरा जपून जातो, आणि मी त्याला तिथे गाठतो. सेकंद तेवढेच, पण आता त्यांना कारण आहे. शिवाय हे कारण खेळाडूच्या बाजूने बोलतं: मी चांगला चालवतोय म्हणून गाठलं.

अशी आठ वळणं असतील तर ०.८५ ते १ या पट्ट्यात लॅपमागे सहा सेकंदांहून जास्त वाव मिळतो. दुसऱ्या शब्दांत, `skill` ०.०१ ने हलवलं की लॅपला साधारण ०.४ सेकंद हलतात. हा आकडा तुमच्या ट्रॅकसाठी आधी काढून ठेवा. बँडचं सगळं ट्यूनिंग त्यावरच उभं राहतं. एक मर्यादाही इथेच दिसते. ट्रॅकवर वळणं कमी आणि सरळ पट्टे लांब असतील, नुसता अंडाकृती ट्रॅक असेल, तर या पद्धतीला पकडायला जागाच उरत नाही. तिथे पुढच्या गाडीमागची हवेची ओढ, म्हणजे स्लिपस्ट्रीम, हे साधन वापरा. पण ती खेळाडूलाही तितकीच मिळाली पाहिजे.

आता हे स्प्लाइनवर कसं बसवायचं ते. `skill` कमी केलं म्हणून अख्ख्या स्प्लाइनवरचा ठरलेला वेग ०.९५ ने गुणायचा, हा सोपा मार्ग दिसतो आणि बरेच जण तोच घेतात. तसं केलंत की गाडी सरळ पट्ट्यावरही हळू होते आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो. वेग वळणांतून यायला हवा. स्प्लाइनवर दर दोन-तीन मीटरला एक नोड ठेवा, प्रत्येक नोडची त्रिज्या काढा, वरच्या सूत्राने त्याचा कमाल वेग ठरवा. सरळ भागात त्रिज्या प्रचंड येईल, तिथे गाडीचा टॉप स्पीड हीच मर्यादा. मग ट्रॅकवर उलट्या दिशेने चालत या:

```
for i = n-1 downto 0:
    v[i] = min(v[i], sqrt(v[(i+1) % n]^2 + 2*a_brake*skill*ds))
```

याचा अर्थ एवढाच, की पुढच्या नोडला अमुक वेगाने पोचायचं असेल तर या नोडला जास्तीत जास्त किती वेग परवडेल. ब्रेकिंगच्या जागा यातून आपोआप येतात, हाताने खुणा कराव्या लागत नाहीत. ट्रॅक बंद वर्तुळाचा असल्यामुळे ही उलटी फेरी दोनदा मारा, नाहीतर पहिल्या वळणाचं ब्रेकिंग फिनिश लाइनच्या मागे पोचत नाही आणि प्रत्येक लॅपच्या सुरुवातीला गाडी बाहेर जाते. हे सगळं `skill` ०.८५, ०.९०, ०.९५ आणि १ साठी आधीच काढून चार तक्ते ठेवा आणि खेळताना दोन शेजारच्या तक्त्यांमधला वेग घ्या. धावत्या गेममध्ये यासाठी काहीच गणित उरत नाही.

स्टीअरिंगसाठी साधं पर्स्यूट पुरतं. गाडीच्या पुढे रेषेवर एक बिंदू धरायचा आणि त्याच्याकडे चाक वळवायचं:

```
d = 6 + 0.35 * v
steer = atan(2 * wheelbase * sin(alpha) / d)
```

`alpha` म्हणजे गाडीचं नाक आणि तो बिंदू यांतला कोन. `d` फार लहान ठेवलं तर गाडी सरळ पट्ट्यावर नागमोडी चालते, फार मोठं ठेवलं तर वळणाच्या आतल्या कडेला घासते. मी दिलेले आकडे सुरुवातीपुरते धरा. तुमच्या गाडीचं स्टीअरिंग किती चपळ आहे त्यावर ते हलतील.

सहाही गाड्या एकाच रेषेवर असतील तर मात्र रुळावरच्या डब्यांसारख्या दिसतील, बँड कितीही चांगला असो. म्हणून प्रत्येक गाडीला रेषेपासून थोडं बाजूला सरकायची मुभा द्यावी लागते, आणि ओव्हरटेकसाठी तर लागतेच. इथे एक खड्डा आहे, आणि "चीटिंग" ची निम्मी तक्रार मला वाटतं त्यातूनच येते. बाजूला सरकलेल्या गाडीला लोक मूळ रेषेचाच वेग देतात.

किती फरक पडतो बघा. ट्रॅकच्या मधोमध त्रिज्या ३० मीटर, वापरता येण्याजोगी रुंदी दहा मीटर, वळण ९० अंशांचं. बाहेरून येऊन, आतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हा बाहेर जाणाऱ्या रेसिंग लाइनची त्रिज्या ५९ मीटर निघते. घर्षणांक तोच धरला तर तिथला वेग ताशी ९५. जी गाडी वळणभर आतल्या कडेला चिकटून जाते तिची त्रिज्या मात्र २५ मीटर. तिला ९५ चाच वेग दिला तर उपलब्ध ग्रिपच्या २.४ पट ग्रिप लागेल. खरं फिजिक्स असेल तर गाडी भिंतीत जाईल. ती जाऊ नये म्हणून कोणीतरी गुपचूप तिची ग्रिप वाढवून ठेवतं. आणि मग खेळाडूला आतल्या बाजूने डिंक लावल्यासारखी वळणारी गाडी दिसते. यावर इलाज एकच. सरकलेल्या गाडीच्या खऱ्या मार्गाची वक्रता काढायची आणि वेग त्यावरून ठरवायचा. पुढच्या ऐंशी-शंभर मीटरचा मार्ग तपासून तेवढंच गणित दर काही फ्रेमनी केलं तरी भागतं. मग आतून घुसणारी गाडी वळणात हळू होते, बाहेर पडताना रुंद जाते, आणि खेळाडूला तिला बाहेरून परत कापता येतं. शर्यतीतली निम्मी मजा या देवाणघेवाणीत असते आणि त्यासाठी बँडची गरजही पडत नाही.

आता बँड. पहिला बदल: अंतर मीटरमध्ये मोजू नका, सेकंदांत मोजा. एक सेकंद मागे असलेली गाडी सरळ पट्ट्यावर ५८ मीटर मागे असते आणि हळू वळणात २० मीटर. म्हणजे दोघांमधला खरा फरक तसूभर न हलता तुमच्या सूत्राला तो दर वळणाला जवळजवळ तिप्पट हलताना दिसतो. आणि हा हेलकावा नेमका सरळ पट्ट्यावर सगळ्यात मोठा असतो, त्यामुळे मदतही तिथेच सगळ्यात जास्त मिळते, जिथे ती सगळ्यात उघडी पडते. टेस्टरना तुमच्या कोडमधला हाच भाग दिसतोय.

सेकंदांतला फरक काढायला वेगाने भागाकार करू नका, तो थरथरतो. दर दहा मीटरवर प्रत्येक गाडी कधी गेली ती वेळ लिहून ठेवा. मागची गाडी त्या खुणेवर आली की आत्ताची वेळ वजा पुढची तिथून गेली ती वेळ, हाच फरक. खेळाडू गिरकी खाऊन थांबला तरी हा हिशेब शहाण्यासारखा चालतो.

दुसरा बदल: सगळ्यांना खेळाडूकडेच ओढू नका. प्रत्येक गाडीला स्वतःचं ठरलेलं स्थान द्या. एक खेळाडूच्या दोन सेकंद पुढे राहू पाहते, एक अर्धा सेकंद पुढे, एक सेकंदभर मागे, एक चार सेकंद मागे, आणि एखादी तर बँडमध्येच नाही, ती आपली तिच्या वेगाने जाते. सगळ्यांचं लक्ष्य शून्य असलं की खेळाडूभोवती कायम घोळका राहतो आणि एक चूक केली की एकदम पाच जागा जातात.

```
err = gap - car.wantGap        // gap > 0: गाडी खेळाडूच्या मागे
if abs(err) < 0.7: err = 0
target = clamp(car.baseSkill + 0.02*err, 0.85, 0.99)
skill = moveToward(skill, target, 0.005*dt)
```

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगतो, कारण आकडे तुम्ही बदलालच. ०.७ सेकंदांच्या आत बँड गप्प बसतो. दोन गाड्या चाकाला चाक लावून भांडत असताना कोणी मध्ये पडू नये. तेव्हा निकाल त्या वळणांवर जे घडेल त्यावरच लागला पाहिजे. ०.०२ मुळे फरक तीन सेकंदांवर गेला की मूळ ०.९३ ची गाडी वरच्या टोकाला पोचते. शेवटची ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. `skill` सेकंदाला ०.००५ पेक्षा जास्त हलत नाही, म्हणजे ०.९३ वरून ०.९९ ला जायला बारा सेकंद लागतात. ड्रायव्हरचा मूड एका वळणात बदलत नाही. खेळाडूने ओव्हरटेक केल्याकेल्या मागची गाडी पेटून उठली तर तो नाटक ओळखतो. दोन-तीन वळणांनी हळूहळू जवळ आली तर म्हणतो, पठ्ठ्याने पाठ सोडली नाही.

आणि वरची मर्यादा ०.९९, १.०५ नव्हे. ही रेषा ओलांडायचा मोह होईल, कारण चांगला खेळाडू पाच-सहा सेकंद पुढे निघून जातो आणि डिझायनर म्हणतो शर्यत कंटाळवाणी झाली. निघून जाऊ द्या. तो त्याने कमावलेला आहे. त्याला आव्हान हवं असेल तर मूळ `baseSkill` वाढवून वरची काठिण्यपातळी द्या, म्हणजे त्याला ते आधीच माहीत असेल. उपलब्ध ग्रिपच्या वर गेलात की ड्रायव्हर संपला आणि पुन्हा गाडीच चीटिंग करायला लागली. म्हणूनच मूळ आकडा ०.९३ च्या आसपास ठेवायचा, वर जायला जागा ठेवून. ज्यांचे ड्रायव्हर आधीपासूनच मर्यादेवर चालतात त्यांना वेगवान करायला ग्रिप चोरण्यावाचून पर्याय उरत नाही.

नजरेआडच्या गाड्यांचं काय, असं विचाराल. दिसत नाही तोवर थोडी चोरी चालेल असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत. माझं मत तसं नाही, कारण मिनीमॅप दिसतो, सेकंदांतला फरक स्क्रीनवर असतो, आणि शेवटी निकालात लॅप टाइम छापले जातात. ज्या गाडीने शर्यतीतला सगळ्यात वेगवान लॅप मारूनही ती पाचवी आली, तिचा जाब कोणीतरी विचारतोच.

पुढे असलेल्या गाडीला हळू करणं हे मागच्याला वेगवान करण्यापेक्षा नाजूक काम आहे, कारण ती खेळाडूच्या डोळ्यांसमोर असते. `skill` घसरून ०.८७ झालं आणि गाडी मात्र त्याच निर्दोष रेषेवरून शांतपणे हळू चालली, तर "थांबलाय माझ्यासाठी" हे लगेच कळतं. तिथे मी रेषाही थोडी बिघडवतो. ट्रॅकसाठी दोन रेषा ठेवायच्या: एक चांगली आणि एक सावध, म्हणजे लवकर आत वळणारी आणि एपेक्स जरा चुकवणारी. `skill` जसं उतरतं तसं दोन्हींचं मिश्रण सावध रेषेकडे झुकवायचं, तीसेक टक्क्यांपर्यंत. वेग त्या मिश्र मार्गाच्या वक्रतेवरून निघतो, त्यामुळे तो आणखी थोडा घटतो. तक्ते मोजताना हे विसरू नका, नाहीतर एकच दंड दोनदा बसेल.

याच्या जोडीला ठळक चुका ठेवता येतात, पण मिठाइतक्या. माझ्या पसंतीची चूक एकच: ब्रेक आठ-दहा मीटर उशिरा लावणं. पुढचं सगळं फिजिक्स करतं. गाडी एपेक्स चुकवते, बाहेर रुंद जाते, थ्रॉटल उशिरा मिळतो, आतली बाजू उघडी पडते. ही चूक खेळाडू एका सेकंदाच्या आत मागे लागलेला असतानाच व्हावी आणि एकदा झाली की त्या गाडीकडून पुढचा किमान एक लॅप होऊ नये. दबावाखाली चुकलेला ड्रायव्हर पटतो. मोकळ्या रस्त्यावर आपणहून गिरकी खाणारा पटत नाही, आणि त्याच वळणावर दुसऱ्यांदा चुकला तर खेळाडू ते वळण लक्षात ठेवून तिथेच दबा धरून बसतो.

हे सगळं बसलं की नाही हे खेळून कळत नाही, निदान बनवणाऱ्याला तरी नाही. खेळाडूच्या जागी बॉट बसवा आणि त्याला ठरावीक `skill` देऊन शर्यत पळवा: एकदा ०.८८, एकदा ०.९३, एकदा ०.९८. तिन्ही वेळा बॉट त्याच क्रमांकावर आला तर बँड फार ताठ आहे; खेळाडू कसाही चालवो, निकाल ठरलेलाच. ०.८८ वाला पाचवा-सहावा, ०.९३ वाला मधोमध आणि ०.९८ वाला पहिला-दुसरा, पण प्रत्येकाच्या पुढे-मागे दोनेक सेकंदांत कोणीतरी आहे, असं दिसलं की समजा जमलं.

दुसरी चाचणी अपघाताची. दुसऱ्या लॅपमध्ये बॉटला पाच सेकंद उभा करा आणि पुढच्या एका लॅपमध्ये त्यातले किती सेकंद परत मिळतात ते मोजा. मी दोनच्या आसपास बघतो. पाचही परत मिळाले तर धडकण्याला किंमतच उरली नाही, आणि हे खेळाडूला दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीत कळतं. काहीच नाही मिळाले तर एक धडक म्हणजे शर्यत गेली.

याबरोबर प्रत्येक गाडीच्या फरकाचा वेळेनुसार आलेख काढा. चांगला आलेख सुस्तपणे भटकतो, कधी जवळ, कधी लांब. तो ठरलेल्या आकड्यावर येऊन सपाट झाला तर ०.०२ हा आकडा कमी करा. करवतीसारखा वर-खाली होत असेल तर बँड उशिरा जागा होऊन जास्त ओढतोय. तेव्हा `moveToward` चा वेग वाढवण्यापेक्षा आधी ०.०२ लाच हात लावा.

शेवटच्या लॅपबद्दल मतभेद आहेत. काही जण तिथेच बँड घट्ट करतात, फोटो-फिनिश मिळावा म्हणून. मी उलट करतो: शर्यतीचा शेवटचा चौथा हिस्सा उरला की बँडचा जोर हळूहळू शून्यावर आणतो आणि प्रत्येक गाडी आपल्या `baseSkill` वर परत जाते. तोवर गाड्या जवळ आलेल्या असतातच, त्यामुळे शेवट चुरशीचाच होतो, पण निकाल त्या दोघांच्या चालवण्यावर लागतो. रीप्ले असेल तर याचा आणखी एक फायदा: हरलेला माणूस शेवटची वळणं परत बघतो तेव्हा त्याला आपली चूक सापडते, गाडीची नाही.

एका स्क्रीनवर दोन खेळाडू असतील तर दोघांच्या सरासरीकडे ओढू नका, ती जागा बहुतेक वेळा रिकामीच असते. प्रत्येक गाडीला तिच्या जवळच्या खेळाडूशी बांधा आणि तो बदलायला पाच-सहा सेकंदांचा विलंब ठेवा. टाइम ट्रायल आणि लीडरबोर्डवर जाणाऱ्या शर्यतींत बँड पूर्ण बंद. कामाला लागताना पहिल्यांदा आत्ताचा बँड काढून टाका, वेगाचे चारही तक्ते बनवा आणि प्रत्येक गाडी एकटी पळवून तिचे लॅप टाइम बघा. ०.८५ आणि १ मध्ये लॅपला चार सेकंदांचाही फरक पडत नसेल तर बँडचं कोड लिहायच्या आधी ट्रॅककडे किंवा ब्रेकच्या मॉडेलकडे परत या.